बक्षिसातला तीस टक्के वाटा कुठून आला?

महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली, तेव्हा लागलेल्या बक्षिसावर आयकर नव्हता. अवचित हाती आलेला, पुन्हा मिळेल याची खात्री नसलेला पैसा करमुक्त, हा नियम इंग्रजांच्या काळापासून चालत आला होता. १९७२ च्या वित्त कायद्याने लॉटरी, शब्दकोडी, घोड्यांच्या शर्यती, पत्ते यांतली जिंकलेली रक्कम मिळकतीत धरली आणि लॉटरी-कोड्यांसाठी कलम १९४बी आणलं. कर कापायचा तो बक्षीस देणाऱ्यानेच. त्यात व्यवहारी शहाणपण होतं, कारण विजेता पैसे घेऊन गेला की त्याला गाठणं कठीण, देणारा मात्र एका जागी बसलेला असतो.

सुरुवातीला लॉटरीवर मोठी वजावट मिळे. १९८६ मध्ये ती गेली आणि सरसकट ४० टक्के दर आला. खर्चही वजा होत नाही. शंभर तिकिटांतलं एक लागलं, तरी उरलेली नव्याण्णव तुमच्या खिशातून.

२००० मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं. प्रश्नमंजूषा हा ‘खेळ’ आहे की नाही, असा वाद घालायला जागा होती. २००१ च्या वित्त कायद्याने टीव्हीवरचे गेम शो व्याख्येत स्पष्टपणे बसवले आणि दर ३० टक्क्यांवर आणला.

इथे बरेच जण फसतात. दुसरं काहीच उत्पन्न नसलेल्या निवासी स्पर्धकाने १ कोटी जिंकले, तर वाहिनी ३० लाख टीडीएस कापून ७० लाख देते. पण देय कर तेवढाच नाही. ३० लाखांवर १० टक्के अधिभार म्हणजे ३ लाख, आणि या ३३ लाखांवर ४ टक्के उपकर, १ लाख ३२ हजार. एकूण ३४ लाख ३२ हजार. वरचे ४ लाख ३२ हजार त्याने स्वतः भरायचे. मूळ करमुक्त मर्यादेचाही फायदा नाही. बक्षीस मोटारीचं असेल, तर कर भरल्याची खात्री करूनच किल्ली द्यायची, ही जबाबदारी देणाऱ्याची.

दहा हजारांपर्यंतच्या बक्षिसावर टीडीएस कापला जात नसे. ऑनलाइन खेळांत या मर्यादेची पळवाट निघाली: रक्कम तोडून प्रत्येक वेळी त्याखाली ठेवायची. म्हणून १ एप्रिल २०२३ पासून कलम १९४बीए आलं. त्यात ही मर्यादाच नाही. वर्षात २० हजार भरून २६ हजार काढले, तर ६ हजार निव्वळ जिंकलेले, त्यावर १,८०० रुपये टीडीएस. काढलेच नाहीत, तरी ३१ मार्चला वॉलेटमधली शिल्लक धरून हिशोब होतो. २०२३ मध्येच वर्षभराच्या एकूण रकमेला लागू झालेली लॉटरीची मर्यादा मात्र १ एप्रिल २०२५ पासून पुन्हा प्रत्येक व्यवहारामागे दहा हजार झाली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत झाला.