सुगंधाची फेररचना

बाजारात रुळलेल्या परफ्यूमचे नाव, बाटली आणि खोके तेच ठेवून आतले सूत्र बदलणे म्हणजे सुगंधाची फेररचना. गिऱ्हाइकाला ती कळवण्याचा प्रघात नाही. त्यामुळे मुंबईत वर्षानुवर्षे एकच परफ्यूम वापरणाऱ्याला नवी बाटली वेगळी वाटली, की पहिला संशय दुकानदारावर येतो आणि ‘माल डुप्लिकेट दिला’ असे ठरते. संशय कधी खरा असतो. पण अस्सल मालाचा वासही बदलतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः ओकमॉस या एका घटकापुरती आहे, कारण बदलाची कारणे तेथे सर्वांत स्वच्छ दिसतात.

ओकमॉस व शीप्र कूळ : ओकमॉसच्या नावात मॉस म्हणजे शेवाळ असले, तरी ते शेवाळ नव्हे. ओकच्या फांद्यांवर वाढणारे हे दगडफूल (लायकेन) असून त्याचे शास्त्रीय नाव एव्हर्निया प्रूनास्ट्री आहे. गोड्या मसाल्यातले दगडफूल ही याच प्रकारची पण वेगळ्या जातीची वनस्पती, असे सामान्यतः म्हटले जाते. काटेकोर बोलायचे तर दोन्ही म्हणजे बुरशी आणि शैवल यांचा एकत्र संसार. ओकमॉस मुख्यतः बाल्कन प्रदेशात गोळा होते. द्रावकाने त्याचा अर्क काढून तो अल्कोहोलने शुद्ध केला, की गर्द हिरवट-तपकिरी, घट्ट ‘ॲब्सोल्यूट’ मिळते. ओली साल, शाई, चामडे आणि किंचित खारेपणा असा त्याचा मिश्र वास असतो.

वर बर्गमॉट हे लिंबूवर्गीय तेल, खाली लॅब्डेनम ही सुगंधी राळ आणि ओकमॉस या बांधणीला शीप्र म्हणतात. हे सायप्रसचे फ्रेंच नाव होय. कुळाचा आरंभ बहुधा फ्रांस्वा कोती यांच्या १९१७ च्या ‘शीप्र’पासून सांगितला जातो. मात्र या नावाची सुगंधी द्रव्ये त्यापूर्वीही विकली जात होती. काही अभ्यासक ही परंपरा मध्ययुगातील धुपाच्या गोळ्यांपर्यंत मागे नेतात. नावाची परंपरा जुनी असली, तरी आज ज्या बांधणीला शीप्र म्हणतात ती कोतीनंतर स्थिरावली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. झाक गेर्लेन यांचे ‘मित्सुको’ (१९१९) हे या कुळातील सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण. त्यात याच बांधणीवर पीच फळाचा वास देणाऱ्या एका लॅक्टोनची भर आहे.

नियम : ओकमॉसमध्ये ॲट्रानोरिन आणि क्लोरोॲट्रानोरिन ही संयुगे असतात. अर्क काढताना ती फुटतात आणि ॲट्रानॉल व क्लोरोॲट्रानॉल तयार होतात. ही दोन्ही त्वचेवर ॲलर्जी आणणारी द्रव्ये असून क्लोरोॲट्रानॉल फारच तीव्र आहे. संवेदनशील माणसाला दशलक्षात काही भागही पुरतात. अडचणीची गोष्ट अशी, की ओकमॉसच्या वासाचा कणा असलेला मिथिल एस्टरही याच विघटनातून निघतो. वास आणि खाज एकाच मुळातून येतात.

परफ्यूम उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना इफ्रा (स्थापना १९७३) घटकांच्या मर्यादा ठरवते. तिने त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांत ओकमॉस ०.१ टक्क्यावर आणले. आकडा लहान दिसतो, परिणाम लहान नाही. समजा, जुन्या सूत्रात सुगंधी तेलाच्या १०० भागांत ३ भाग ओकमॉस होते आणि बाटलीत २० टक्के तेल, बाकी अल्कोहोल. म्हणजे तयार परफ्यूममध्ये ओकमॉस ०.६ टक्के. मर्यादा पाळायची तर ते एक षष्ठांशावर, तेलात अर्ध्या भागावर आणावे लागते. उरलेली अडीच भागांची पोकळी कशाने तरी भरावी लागते, आणि ती कशाने भरली यावर नव्या बाटलीचे बरेवाईट ठरते.

युरोपीय संघ याही पुढे गेला. त्याच्या वैज्ञानिक समितीने २००४ मध्येच ही दोन द्रव्ये सौंदर्यप्रसाधनांत नसावीत असे म्हटले होते. प्रत्यक्ष बंदी २०१७ च्या नियमाने आली : २३ ऑगस्ट २०१९ पासून अशी नवी उत्पादने बाजारात आणण्यास आणि २३ ऑगस्ट २०२१ पासून ती विकण्यासच मनाई झाली. ओकमॉसवर बंदी नाही, त्यातील दोन रेणूंवर आहे. ‘ओकमॉस बॅन झाले’ हे सर्रास ऐकू येणारे विधान म्हणून चूक ठरते. युरोपातला हा नियम मुंबईतल्या कपाटापर्यंत पोचतो, याचे कारण व्यापारी आहे. मोठी घराणी सहसा देशागणिक वेगळे सूत्र ठेवत नाहीत.

पोकळी भरण्याच्या रीती : एक रीत म्हणजे वर उल्लेखिलेला मिथिल एस्टर कृत्रिमरीत्या बनवून घालणे, तो एव्हर्निल किंवा व्हेरामॉस या नावांनी विकला जातो. तो स्वच्छ, कोरडा, काहीसा पावडरी आहे. पण शाई आणि सालीचा काळोख त्यात नाही. जुन्या शीप्रचे चाहते ‘तळ गेला’ म्हणतात ते यामुळेच. दुसरी रीत म्हणजे खऱ्या अर्कातून दोषी रेणू काढून टाकलेले ओकमॉस वापरणे. ते महाग पडते आणि मूळ अर्कापेक्षा थोडे पातळ वासते, तरी अधिक जवळचे असते. मित्सुकोच्या २००० नंतरच्या आवृत्त्यांविषयी जाणकारांत एकमत नाही. अलीकडच्या आवृत्त्या मूळ वासाच्या अधिक जवळ आल्या, असा कल मात्र दिसतो.

नियम हे निमित्त आणि खर्चकपात हे खरे कारण, असाही एक पक्ष आहे. इतर घटकांबाबत त्यात तथ्य असू शकेल. ओकमॉसच्या बाबतीत नियमाचे पारडे जड दिसते.

बॅचभेद व जुनी बाटली : नैसर्गिक अर्क हंगामानुसार बदलतो. उत्पादक निरनिराळे लॉट मिसळून वास स्थिर ठेवतात, तरी बारीक फरक राहतात. मात्र बॅचचा फरक पुढच्या बॅचमध्ये पुसला जातो किंवा उलट दिशेला जातो. फेररचनेचा टिकून राहतो.

जुनी बाटलीही विश्वासू साक्षीदार नव्हे. मुंबईच्या उष्म्यात, विशेषतः खिडकीशी ठेवलेल्या बाटलीत, लिंबूवर्गीय तेले हवेने बिघडतात आणि सुरुवातीचा वास आंबूस किंवा वार्निशसारखा होतो. म्हणून दोन्ही बाटल्यांचा एकेक फवारा वेगळ्या कागदी पट्टीवर मारून पंख्याखाली न ठेवता हुंगावा : दहा मिनिटांनी, दोन तासांनी आणि दुसऱ्या सकाळी. फरक पहिल्या दहा मिनिटांतच असेल, तर बहुधा जुनी बाटली उतरली आहे. सुरुवात सारखी आणि सकाळचा तळ वेगळा असेल, तर सूत्र बदलल्याचा संशय घ्यावा, कारण ओकमॉस उशिरा उडते. रंगावरून निर्णय करू नये. रंग वरून घातलेला असू शकतो.

खोक्यावरचा बॅच क्रमांक बाटलीच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी जुळतो का, हे आधी पाहावे. आयात मालावर भारतीय आयातदाराचे नाव असलेले लेबलही असते. जुन्या व नव्या खोक्यांवरील घटकयादी शेजारी ठेवल्यास कधी उलगडा होतो : एव्हर्निया प्रूनास्ट्री हे नाव गळले असेल, तर नैसर्गिक ओकमॉस काढले गेले किंवा नोंदीच्या मर्यादेखाली आले. नाव कायम असेल, तर मात्र प्रमाण किती घटले ते यादी सांगत नाही.

मोहम्मद अली रोडवरील अत्तरांच्या दुकानांत प्रसिद्ध परफ्यूमच्या नावाने मिळणारी तेले ही स्वतंत्र नक्कल असते. त्यांतील एखादे जुन्या वासाच्या जवळ वाटले, तरी जुन्या सूत्राचा पुरावा म्हणून ते धरता येत नाही. असा पुरावा व्हर्साय येथील ओस्मोथेक या सुगंध-संग्रहात मिळतो. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत जुन्या सूत्रांबरहुकूम बनवलेले नमुने १२° से. तापमानाला, आरगॉन वायूखाली ठेवलेले आहेत. ते विक्रीसाठी नाहीत. पट्टीवर हुंगायला मिळतात.