आमच्या हेल्थ चेकअप पॅकेजमध्ये काय आहे, काय नाही आणि सूट किती

नौपाड्यातल्या आमच्या लॅबमध्ये काउंटरवर हमखास येणारा प्रश्न: "बाहेर ७२ टेस्टचं पॅकेज मिळतं, तुमच्याकडे आठच कशा?"

फरक मोजण्याच्या पद्धतीत आहे. सीबीसी ही रक्तपेशी मोजणारी एकच तपासणी, पण तिच्या रिपोर्टमध्ये वीसेक ओळी येतात. लघवीच्या साध्या तपासणीतही दहा-बारा. लिपिड प्रोफाइलमधल्या काही ओळी तर मशीनवर मोजल्याच जात नाहीत. व्हीएलडीएल हा कोलेस्टेरॉलचा एक प्रकार म्हणजे बहुतेक वेळा ट्रायग्लिसराइडला पाचाने भागून आलेला आकडा. अशी प्रत्येक ओळ 'टेस्ट' म्हणून धरली, तर आमच्या आठांचाही आकडा पन्नाशीच्या आसपास जाईल. आम्ही तसं छापत नाही.

आमच्या मूळ पॅकेजचे सुटे दर असे: सीबीसी २५०, उपाशीपोटी साखर ६०, एचबीए१सी ४५०, लिपिड प्रोफाइल ६००, किडनीसाठी क्रिएटिनिन १५०, लिव्हरसाठी एसजीपीटी १५०, थायरॉइडसाठी टीएसएच २५०, लघवी १२०. बेरीज २,०३० रुपये. पॅकेज १,४२० ला, म्हणजे सुमारे ३० टक्के सूट.

ही सूट परवडते, कारण सुई एकदाच टोचायची आणि रक्ताच्या नळ्या तीनच. जांभळ्या झाकणाच्या नळीत सीबीसी आणि एचबीए१सी दोन्ही होतात, राखाडी झाकणाची साखरेसाठी, पिवळ्या झाकणाची बाकी सगळ्यांसाठी. घरी येणारा माणूस, नोंदणी, रिपोर्टची छपाई हा खर्चही एकदाच होतो. तो वाचतो, तेवढाच तुमच्या बिलातून कमी होतो.

व्हिटॅमिन डी (१,२००) आणि बी१२ (९००) वर मात्र १० टक्केच सूट आहे. दोन्हींसाठी लागणारं रसायन महाग, आणि ते नळ्या वाचवून स्वस्त होत नाही. ७० टक्के सूट दिसली, तर त्यातल्या एकेका तपासणीचा सुटा दर विचारून बघा. बहुतेकदा तो आधी फुगवलेला निघतो.

सीए-१२५, सीईएसारखे कॅन्सर मार्कर आम्ही पॅकेजमध्ये घातलेले नाहीत. सीए-१२५ पाळीच्या दिवसांत किंवा एंडोमेट्रिओसिस या गर्भाशयाशी संबंधित आजारातही वाढतं, सीईए सिगारेट ओढणाऱ्यांत वाढलेलं आढळतं. काही त्रास नसताना असा रिपोर्ट हातात पडला की घाबरगुंडी उडते आणि पुढे सोनोग्राफी, स्कॅनचा खर्च सुरू होतो. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर सुटी तपासणी जरूर करू.

पॅकेजमधली एखादी तपासणी नको असेल, तर तेवढी वगळून पैसे कमी करतो. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवतं, त्यामुळे गेल्याच महिन्यात केलं असेल तर आताच पुन्हा नको. ते काढल्यावर सवलतीच्या दराने ३१५ रुपये वजा होतात आणि बिल १,१०५ येतं. हिमोग्लोबिन बरंच कमी असेल, तर एचबीए१सीचा आकडा फसवू शकतो. तसं असेल तर रक्त देण्याआधीच काउंटरवर सांगा.

येताना दहा ते बारा तास उपाशी असावं. साधं पाणी चालेल, चहा नाही, बिनसाखरेचाही नाही.