‘विदाऊट रिकोर्स’ किती खरे? निर्यातदाराच्या फॅक्टरिंग करारामागचा इतिहास

छोट्या निर्यातदारासमोर फॅक्टरिंगचा, म्हणजे उधारीची बिले फॅक्टर नावाच्या वित्तसंस्थेला देऊन आगाऊ पैसे उचलण्याचा, करार येतो तेव्हा पहिल्याच पानावर ‘विदाऊट रिकोर्स’ असे ठळक छापलेले असते. ग्राहकाने पैसे बुडवले तर ते आपल्याकडून वसूल होणार नाहीत असे समजून निर्यातदार त्यासाठी जास्त शुल्क मोजायला तयार होतो. उचललेले पैसे परत मागण्याचा हक्क, म्हणजेच रिकोर्स, मात्र आतल्या पानांवर, मालाच्या हमीच्या आणि वादाच्या कलमांत शाबूत असतो. ही रचना अलीकडच्या वकिलांनी शोधून काढलेली नाही. ती कुठून आली हे कळले की करारात कोणत्या ओळीसाठी भांडायचे तेही कळते.

जुना फॅक्टर हा मुळात अडत्या. दूर देशातल्या व्यापाऱ्याचा माल त्याच्या गोदामात यायचा, तो स्वतः गिऱ्हाईक शोधायचा, उधारीवर विकायचा आणि दलाली कापून पैसे पाठवायचा. मालधन्याला गिऱ्हाइकाची पत कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता, म्हणून थोडी जादा दलाली घेऊन फॅक्टर गिऱ्हाइकाच्या पैशांची हमी देत असे. या हमीला ‘डेल क्रेडेर’ म्हणत. पुढे अमेरिकेत कापड गिरण्या स्वतःच माल विकू लागल्या तसे फॅक्टरचे विक्रीचे काम गळून पडले. पत तपासणे, वसुली आणि आगाऊ पैसा एवढेच त्याच्याकडे उरले. आजचा फॅक्टरिंग करार हा त्या उरलेल्या भागाचा वारस आहे.

पण त्या जुन्या हमीला पहिल्यापासून एक हद्द होती. 1914 मध्ये लंडनच्या न्यायालयाने ती स्पष्ट केली. डेल क्रेडेर दलाल कशासाठी बांधील असतो, हा प्रश्न होता. उत्तर असे आले की गिऱ्हाईक दिवाळखोर झाले किंवा तसल्याच कारणाने ठरलेली रक्कम वसूल होईनाशी झाली, तर दलाल देणे लागतो. करार नीट पाळला की नाही यावरून विक्रेता आणि खरेदीदार भांडत असतील, तर त्या भांडणाशी त्याचा संबंध नाही. त्यामागचा तर्क पटण्यासारखा आहे. पत ओळखणे हा दलालाचा धंदा, मालाची प्रत सांभाळणे हा विक्रेत्याचा. अडचण सुरू झाली ती हा तर्क छापील करारात शिरताना फुगत गेला तेव्हा.

1960 च्या दशकात निर्यातीसाठी दोन फॅक्टरांची पद्धत रुळली. निर्यातदाराच्या देशातला फॅक्टर पैसे देतो आणि आयातदाराच्या देशातला फॅक्टर त्या आयातदाराची जोखीम घेतो. दोघांमधले व्यवहार समान नियमावलीने चालतात. बिलाच्या मुदतीनंतर 90 दिवसांतही आयातदाराने पैसे दिले नाहीत, तर आयातीकडच्या फॅक्टरने स्वतःच्या खिशातून द्यायचे, हा तिचा कणा. त्याच नियमावलीत उलट बाजूही आहे. आयातदाराने दरम्यान वाद उपस्थित केला की हमी स्थगित होते आणि वाद निर्यातदाराच्या बाजूने मिटेपर्यंत ती परत सुरू होत नाही. इकडचा फॅक्टर हीच अट निर्यातदाराच्या करारात उतरवतो, आणि बहुधा आणखी कडक करून.

एक हिशेब मांडून पाहू. निर्यातदाराने 40,000 डॉलरचे बिल 90 दिवसांच्या मुदतीने काढले. फॅक्टरने 80 टक्के, म्हणजे 32,000 डॉलर लगेच दिले आणि 8,000 राखून ठेवले. करार विदाऊट रिकोर्स आहे, आयातदारासाठी पतमर्यादा मंजूर आहे. 85 व्या दिवशी आयातदार ईमेल करतो की काही खोक्यांतला माल ओला निघाला, 6,000 डॉलर कापून घेऊ. निर्यातदार त्याला फोटो मागतो, पत्रव्यवहार सुरू राहतो. 115 व्या दिवशी आयातदार दिवाळखोरीत जातो. तक्रार 6,000 ची, आणि बुडाले ते सगळे 40,000. आता हमी कितीची?

छापील करारात उत्तर बहुतेक वेळा असे असते: ज्या बिलावर कोणताही वाद आहे ते संपूर्ण बिल ‘अमान्य’ ठरते. म्हणजे 6,000 च्या तक्रारीने 40,000 ची हमी गेली आणि फॅक्टर 32,000 व्याजासह परत मागू शकतो. वादाचा निकाल निर्यातदाराच्या बाजूने लागला तर हमी परत येते खरी, पण दिवाळखोर कंपनीशी वाद मिटवायचा कुणी आणि कधी? तिथे बसलेल्या प्रशासकाला असंख्य घेणेकऱ्यांची यादी निस्तरायची असते. बिल नुसते खोळंबून राहते, आणि करारात ठरलेली मुदत उलटली की रिकोर्स कायमचा लागतो.

माझ्या मते हे 1914 च्या तर्काच्या पलीकडे जाते. मालाच्या तक्रारीचा भार विक्रेत्यावर, इथपर्यंत ठीक. पण उरलेल्या 34,000 डॉलरबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. ते निव्वळ पतीच्या जोखमीने बुडाले, आणि शुल्क घेतले होते ते त्याच जोखमीसाठी. म्हणून करारात हवी ती एकच दुरुस्ती: वाद असल्यास हमी फक्त वादग्रस्त रकमेपुरती स्थगित व्हावी. सोबत आणखी दोन गोष्टी मागता येतात. वाद आयातदाराने लेखी, रक्कम आणि कारण देऊन मांडला असेल तरच तो वाद मानावा, आणि मुदतीनंतर ठरावीक दिवस उलटल्यावर उपटलेली तक्रार धरू नये. पैसे देता येत नाहीत असे दिसू लागले की आयातदाराला मालात दोष सापडू लागतात, हे वसुली खात्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तक्रार आली त्याच दिवशी फॅक्टरला कळवणेही निर्यातदाराच्या हिताचे असते, कारण माहिती दडवली हाच बहुतेक करारांत रिकोर्सचा स्वतंत्र आधार असतो.

उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेतल्या 1979 च्या एका निकालात सापडते. तिथे कागदावर ‘विक्री’ लिहिले होते, पण बिल बुडण्याची सगळी जोखीम विक्रेत्याकडेच ठेवली होती. न्यायालयाने ती विक्री न मानता तारण कर्ज मानले आणि कर्ज फिटून वर उरलेली वसुली विक्रेत्याची ठरवली. म्हणजे शीर्षकाला नव्हे, जोखीम प्रत्यक्षात कुणाकडे आहे याला किंमत. निर्यातदाराच्या ताळेबंदाचे लेखापरीक्षक पुढे हाच प्रश्न विचारतात.

आता ग्राहकाला द्यायच्या सूचनेकडे, म्हणजे त्याचे बिल फॅक्टरला दिले आहे हे कळवण्याकडे. हा सगळा प्रश्न एका 1828 च्या इंग्रजी निकालापासून निघतो. एकाच माणसाने आपले येणे एकामागून एक तिघांना विकले होते, आणि शेवटच्या खरेदीदाराने सगळ्यात आधी देणेकऱ्याला कळवले म्हणून तो जिंकला. तेव्हापासून सूचना म्हणजे मालकीचा पुरावा, अशी समजूत पक्की झाली. पण गिऱ्हाइकाला कळवायला व्यापारी राजी नसत. आपले बिल गहाण पडले म्हणजे आपण अडचणीत, असे बाजारात पसरेल ही भीती. अमेरिकेत सूचना न देता बिलांवर कर्ज देण्याचा मोठा धंदा त्यावर उभा राहिला, आणि 1943 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला हादरा दिला. पेन्सिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार सूचना नसलेले हस्तांतरण नंतरच्या प्रामाणिक खरेदीदारापुढे टिकत नव्हते, म्हणून कर्जदार दिवाळखोर झाल्यावर वित्तसंस्थेचा हक्कही टिकला नाही. त्यानंतर राज्यांनी धडाधड कायदे केले आणि शेवटी नोंदणीची पद्धत रूढ झाली: येण्यावरचा बोजा सरकारी नोंदवहीत नोंदवा, ग्राहकाला कळवले नाही तरी प्राधान्य राहील.

आंतरराष्ट्रीय पातळीवर मात्र सूचनाच केंद्रस्थानी राहिली. 1988 च्या ओटावा कराराने फॅक्टरिंगच्या व्याख्येतच देणेकऱ्याला सूचना देणे घातले. त्याच करारात निर्यातदाराने नीट वाचावी अशी एक तरतूद आहे. लेखी सूचना मिळेपर्यंत देणेकऱ्याच्या विक्रेत्याविरुद्ध ज्या मागण्या उभ्या असतील, त्या तो फॅक्टरला द्यायच्या रकमेतूनही वळत्या करून घेऊ शकतो. सूचना जितकी उशिरा, तितके जुने हिशेब बिलात घुसतात, आणि फॅक्टरला कमी पडलेली ती रक्कम विदाऊट रिकोर्स करारातही निर्यातदारावरच येते.

मोठे खरेदीदार ‘आमच्या संमतीशिवाय येणे हस्तांतरित करू नये’ असे कलम ऑर्डरमध्ये घालतात, तो दुसरा अडथळा. ओटावा कराराने असे कलम असूनही हस्तांतरण वैध मानले, पण देशांना त्यातून सूट घेण्याची मुभा ठेवली. इंग्लंडमध्ये बराच काळ असे कलम चालत असे. छोट्या पुरवठादारांसाठी ते 2018 अखेरपासूनच्या करारांत बऱ्याच अंशी निष्प्रभ झाले. त्यामुळे आयातदाराच्या ऑर्डरची मागची बाजू फॅक्टरिंगच्या अर्जाआधी वाचावी लागते. हस्तांतरणावर बंदी नाही, अशी हमी निर्यातदार करारात देतो. ती चुकली तर तो हमीभंग होतो, आणि रिकोर्स तिथूनही परत येतो.

सूचना न देता चालणारे गोपनीय डिस्काउंटिंग आजही आहे, पण ते जवळजवळ नेहमी विथ रिकोर्स असते. ग्राहकाशी न बोलता बिल खरे आहे की नाही हे वित्तसंस्थेला तपासता येत नाही. त्यात ग्राहक पैसे निर्यातदाराच्या नेहमीच्या खात्यात भरतो, आणि ते फॅक्टरच्या वतीने सांभाळलेले पैसे मानले जातात. ते पगारात वापरले गेले तर साधा विलंब न राहता विश्वासघाताचे प्रकरण होते. उघड सूचनेच्या पद्धतीत हा धोका कमी. तिथे बिलावरच ‘या बिलाची रक्कम अमुक खात्यातच भरल्यास देणे फिटेल’ असा मजकूर छापतात. पहिल्या एक-दोन बिलांचे पैसे तरीही जुन्या खात्यात येतात, कारण आयातदाराच्या लेखा विभागाने खाते क्रमांक बदललेला नसतो. बँक खाते बदलल्याच्या खोट्या ईमेलची धास्ती असल्याने ते विभाग फोनवर खात्री केल्याशिवाय बदल करत नाहीत, आणि तसे करणे योग्यच आहे.

शुल्काचा इतिहास थोडक्यात संपतो: जुन्या दलालीचे आजचे रूप म्हणजे सेवाशुल्क, जुन्या आगाऊ रकमेवरच्या व्याजाचे रूप म्हणजे डिस्काउंट. वरच्या बिलावर सेवाशुल्क 1 टक्का धरले तर ते पूर्ण 40,000 वर लागते, म्हणजे 400 डॉलर. डिस्काउंट वार्षिक 9 टक्के, 32,000 वर 90 दिवसांचे 720. एकूण 1,120, म्हणजे हातात आलेल्या रकमेच्या 3.5 टक्के, तेही तीन महिन्यांसाठी. वर्षाच्या हिशेबाने ते 14 टक्के पडते, 9 नव्हे. ग्राहकाने 120 व्या दिवशी पैसे दिले तर डिस्काउंट 960 होतो. याशिवाय वार्षिक किमान शुल्काची ओळ शोधावी. किमान शुल्क 6,000 डॉलर असेल आणि वर्षभराची बिले 3,00,000 चीच झाली, तर सेवाशुल्काचा खरा दर 1 नव्हे, 2 टक्के होतो. हंगामी माल पाठवणाऱ्या निर्यातदाराला ही ओळ रिकोर्सच्या कलमाइतकीच महाग पडू शकते, आणि सौदा करताना फॅक्टर सहसा सर्वांत आधी हीच ओळ सैल करायला तयार होतो.