साठ लाखांत काय बसवायचं?

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली एखादी मध्यम फौंड्री डोळ्यांसमोर आणू. यंदा गुंतवणुकीला ६० लाख रुपये आहेत आणि बँक त्यापुढे एक पैसा द्यायला तयार नाही. मागण्या मात्र चार आहेत: कास्टिंग साफ करायला शॉट ब्लास्टिंग मशीन १० लाख, छपरावर सोलर २५ लाख, मशीनिंगसाठी व्हीएमसी ३५ लाख आणि नवी इंडक्शन भट्टी ५० लाख. एकूण १२० लाख. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, पण पेच खरा आहे. चारही कामं फायद्याची आहेत, पण पैसे निम्मेच आहेत. यालाच कॅपिटल रॅशनिंग म्हणतात.

आधी एका मशीनचा हिशेब नीट करू. शॉट ब्लास्टिंगमुळे मजुरी आणि रिजेक्शन मिळून वर्षाला ३.८८ लाख वाचतात आणि मशीन पाच वर्षं चालतं असं धरू. भांडवलाचा खर्च १२ टक्के असेल, तर पाच वर्षं दरवर्षी मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत ३.६०५ रुपये होते. म्हणजे त्या बचतीची आजची किंमत सुमारे १४ लाख. त्यातून १० लाख वजा केले की ४ लाख उरतात, ही एनपीव्ही. आणि १४ ला १० ने भागलं की १.४० येतो, तो प्रॉफिटेबिलिटी इंडेक्स, म्हणजे पीआय. घातलेल्या प्रत्येक रुपयामागे आजच्या किमतीत किती परत येतं, ते हा आकडा सांगतो.

याच पद्धतीने व्हीएमसीची एनपीव्ही १०.५ लाख आणि पीआय १.३० धरू. सोलरचे ७ लाख आणि १.२८, भट्टीचे १३ लाख आणि १.२६. एनपीव्ही पाहिली तर भट्टी पहिली येते, पीआय पाहिला तर शेवटची. पैसा अपुरा असताना विचारायचं असतं ते एका रुपयाने किती कमावलं, म्हणून पुस्तकं पीआयचा क्रम लावायला सांगतात.

तसं करून पाहू. शॉट ब्लास्टिंग १० लाख, व्हीएमसी ३५ लाख, झाले ४५. उरले १५ लाख, आणि त्यात ना सोलर बसतं ना भट्टी. एकूण एनपीव्ही १४.५ लाख. आता नुसती एनपीव्ही धरून निवडलं तर भट्टी आणि शॉट ब्लास्टिंग, पुरे ६० लाख लागतात आणि मिळतात १७ लाख. पीआयच्या क्रमापेक्षा जास्त! आणि व्हीएमसी अधिक सोलर घेतलं तर तेही बरोबर ६० लाखांत बसतं आणि एनपीव्ही १७.५ लाख होते. सगळ्यात जास्त पीआय असलेलं मशीन बाहेर ठेवून सगळ्यात चांगला निकाल आला.

क्रम फसला तो उरलेल्या १५ लाखांमुळे. पीआयचा क्रम बिनचूक चालतो तो प्रकल्पाचा तुकडा पाडता येत असेल तेव्हाच. परीक्षेच्या प्रश्नात म्हणूनच ‘प्रकल्प विभाज्य आहेत’ असं वाक्य असतं, आणि घाईत नेमकं तेच वाचायचं राहतं. विभाज्य असतील तर क्रमाने जा आणि शेवटच्याचा तुकडा घ्या. अविभाज्य असतील तर बजेटमध्ये बसणाऱ्या जोड्या मांडून एकूण एनपीव्ही तपासा. चार प्रकल्पांना हे काम वहीच्या एका पानात होतं.

आपल्या यादीत अर्धी भट्टी घेता येत नाही, पण सोलर कमी पॅनेलचं बसवता येतं. उरलेल्या १५ लाखांचं सोलर घेतलं तर ७ लाखांच्या १५/२५ म्हणजे ४.२ लाख मिळतील आणि बेरीज १८.७ वर जाईल. अर्थात इन्व्हर्टर आणि जोडणीचा खर्च पॅनेलच्या प्रमाणात उतरत नाही, तेव्हा प्रत्यक्षात थोडं कमीच मिळेल. तरी १७.५ ओलांडायला ३.१ लाख मिळाले तरी पुरतात. माझ्या मते सोलरवाल्याकडून लहान संचाचं कोटेशन आधी मागवावं, निवड मग करावी.

एक मर्यादा मात्र आहे. पैशाची टंचाई यंदाही आणि पुढच्या वर्षीही असेल, तर एकाच पीआयने काम भागत नाही. यंदा कमी आणि पुढच्या वर्षी जास्त पैसे मागणारा प्रकल्प क्रमात कुठे बसवायचा, हे तो सांगू शकत नाही. लोरी आणि सॅव्हेज या अमेरिकी अभ्यासकांनी हा प्रश्न १९५५ मध्ये मांडला, आणि आज तो लिनियर प्रोग्रामिंग या गणिती पद्धतीने सोडवतात.

आणखी एक आकडा काढून ठेवावा. बजेट ६० ऐवजी ७० लाख असतं, तर शॉट ब्लास्टिंग, व्हीएमसी आणि पूर्ण सोलर तिन्ही बसली असती आणि एनपीव्ही २१.५ लाख झाली असती. अविभाज्य जोडीपेक्षा ४ लाख जास्त. म्हणजे त्या वरच्या १० लाखांसाठी लागणारी फी आणि १२ टक्क्यांपेक्षा जास्त पडणारं व्याज यांचा आजच्या किमतीतला बोजा ४ लाखांच्या आत असेल, तर दुसऱ्या बँकेकडे जाणं परवडतं. लहान सोलर खरंच १८.७ पर्यंत नेत असेल, तर ही मर्यादा २.८ लाखांवर येते.