पाइपभोवतीची फट : फायरस्टॉपिंगचे नियम आले कुठून?

व्यापारी इमारतीच्या प्लंबिंग शाफ्टमध्ये उभे राहून वर पाहिले तर प्रत्येक मजल्याच्या स्लॅबमधून पाइप आरपार गेलेले दिसतात. जिथे पाइप स्लॅबमधून जातो तिथे त्याच्याभोवती लोखंडी किंवा पीव्हीसीची नळी बसवलेली असते, तिला स्लीव्ह म्हणतात. पाइप आणि स्लीव्ह यांच्यामध्ये एक गोल फट उरते. आग आणि धूर अडवण्यासाठी ही फट बंद करणे म्हणजे फायरस्टॉपिंग. ती कशाने आणि कशी बंद करायची याचे आजचे नियम फार जुने नाहीत. ते घडायला गेल्या शतकातल्या काही आगी कारण झाल्या.

स्लीव्हचा मूळ हेतू आगीशी निगडित नव्हता. स्लॅब ओतण्याआधी स्लीव्ह ठेवली की नंतर काँक्रीट फोडावे लागत नाही, आणि पाइप बदलायचा झाला तर तो ओढून काढता येतो. शिवाय पाइपला हलायला जागा मिळते, आणि हे कारण सर्वांत महत्त्वाचे. गरम पाण्याचा ३० मीटर लांबीचा लोखंडी पाइप ६० अंशांनी तापला तर सुमारे २२ मिमी लांब होतो. तो काँक्रीटमध्ये घट्ट बसवलेला असेल तर स्लॅब तडकतो किंवा पाइपचा जोड सुटतो. म्हणजे ही फट मुद्दाम ठेवलेली आहे. तिच्यात सिमेंटचा माल ठासला की स्लीव्हचा उपयोगच संपतो.

दुसरीकडे भिंती आणि स्लॅब आगीत किती वेळ टिकतात हे तपासायची पद्धत अमेरिकेत १९१८ पासून रूढ झाली होती. भट्टीचे तापमान एका ठरलेल्या वक्राने वाढवायचे, तासाभरात साधारण ९२७ अंश सेल्सियस, दोन तासांत १०१०, आणि भिंत किती वेळ टिकते ते पाहायचे. पण भट्टीसमोरची ती भिंत अखंड असे. खऱ्या इमारतीत तिला पाइप आणि केबलसाठी भोके पाडली जात, आणि ती भोके बुजवण्याचे काम गवंड्याच्या किंवा प्लंबरच्या मर्जीवर असे. माल, अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी, जे हाताशी असेल ते भरले जाई. भोकासकट भिंत तेवढीच टिकते का, हे तपासण्याची सर्वमान्य पद्धतच नव्हती.

१३ फेब्रुवारी १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यात ११व्या मजल्यावर आग लागली. ती टेलिफोनच्या कपाटांमधून, केबलसाठी स्लॅबमध्ये ठेवलेल्या उघड्या भोकांवाटे दुसऱ्या मजल्यांवर पोहोचली. त्यानंतर पाच आठवड्यांनी, २२ मार्चला, अलाबामातल्या ब्राऊन्स फेरी अणुवीज केंद्रात जे घडले त्याने या विषयाला कलाटणी दिली.

तिथे नियंत्रण कक्षाखाली केबलचे दालन होते आणि त्याच्या भिंतीतून केबल अणुभट्टीच्या इमारतीत जात. अणुभट्टीच्या इमारतीत हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवलेला असतो, म्हणून भिंतीतली प्रत्येक गळती बुजवणे गरजेचे होते. बुजवण्यासाठी पॉलियुरेथेन फोम वापरला जाई. गळती शोधायला कामगार पेटती मेणबत्ती भोकाजवळ धरत. ज्योत झुकली की समजायचे, इथे हवा जाते. त्या दिवशी एका भोकात मऊ फोमचा तुकडा कोंबून झाल्यावर पुन्हा मेणबत्ती धरली, आणि दाबाच्या फरकाने ज्योत आत ओढली जाऊन फोम पेटला. भिंतीच्या पलीकडे ती आग सुमारे सात तास धुमसत राहिली. १६०० हून अधिक केबल जळल्या, आणि त्यांतल्या ६०० हून अधिक सुरक्षेच्या यंत्रणांशी जोडलेल्या होत्या.

मूळ रचनेत फोमवर ज्वालारोधक लेप द्यायचा होता. पेटलेल्या तुकड्यावर तो नव्हता, आणि तो फोमही मूळ रचनेतला नव्हता. हा तपशील माझ्या मते पुढच्या सगळ्या नियमांचा गाभा आहे. भराव एकटा चांगला असून भागत नाही. भोकाचा आकार, त्यातून जाणारी वस्तू, भरावाची जाडी, वरचा लेप आणि दोन बाजूंच्या हवेच्या दाबातला फरक हे सगळे मिळून एक रचना होते. तिची चाचणी तशीच, एकत्र व्हायला हवी.

१९८१ मध्ये आलेल्या एएसटीएम ई-८१४ या अमेरिकी मानकात हे उतरले. स्लॅबचा किंवा भिंतीचा तुकडा, त्यातला पाइप, स्लीव्ह आणि भराव, असा पूर्ण नमुना भट्टीवर ठेवायचा, आणि भट्टीत बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त, निदान २.५ पास्कल, दाब ठेवायचा. दाबाची ही अट फार मोलाची आहे. खऱ्या आगीत गरम हवा वर चढते आणि ज्वाळांना फटीत ढकलते. दाबाचा फरक नसलेल्या भट्टीत उत्तीर्ण झालेला भराव प्रत्यक्षात नापास होऊ शकतो.

या चाचणीतून दोन आकडे मिळतात. एफ म्हणजे ज्वाळा पलीकडे जायला किती वेळ लागला. टी म्हणजे पलीकडची बाजू, पाइपसकट, सुरुवातीच्या तापमानापेक्षा १८१ अंशांनी तापायला किती वेळ लागला. लोखंडी आणि तांब्याच्या पाइपांच्या रचनांत एफ दोन तास आणि टी शून्य असे आकडे नेहमी दिसतात. फट कितीही छान बंद केली तरी पाइपच उष्णता पलीकडे नेतो. त्या पाइपला लाकडी कपाट किंवा कागदाचे गठ्ठे टेकलेले असतील तर ज्वाळा न पोहोचताही ते पेटू शकतात. निविदेत नुसते ‘दोन तास’ लिहिले असेल तर कुठला आकडा, हे विचारलेच पाहिजे.

याच काळात प्लॅस्टिकच्या पाइपांनी प्रश्नाचे रूप पालटले. हे एका उदाहरणाने पाहू. स्लॅबमधून ४ इंची लोखंडी पाइप जातो, त्याचा बाहेरचा व्यास ११४ मिमी. भोवती ६ इंची स्लीव्ह, तिचा आतला व्यास सुमारे १५८ मिमी. पाइप बरोबर मध्यभागी असेल तर चहूबाजूंनी २२ मिमी फट उरते, आणि तिचे एकूण क्षेत्रफळ भरते साधारण ९५ चौरस सेंटिमीटर. शेजारी सांडपाण्याचा ११० मिमीचा पीव्हीसी पाइप आहे, त्याची फट गवंड्याने अगदी नीट बुजवली आहे. आग लागली की हा पाइप मऊ होऊन गळून पडतो आणि मागे पाइपच्याच मापाचे भोक राहते. त्याचे क्षेत्रफळही ९५ चौरस सेंटिमीटरच. म्हणजे नीट बुजवलेला प्लॅस्टिकचा पाइप आणि अजिबात न बुजवलेला लोखंडी पाइप, दोन्ही आगीला सारखाच रस्ता देतात.

म्हणून दोघांचे उपाय वेगळे झाले. लोखंडी पाइपच्या फटीत रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंचा न जळणारा कापूस, घट्ट दाबून भरायचे, वर साधारण १२ मिमी खोली रिकामी ठेवायची आणि तिच्यात फायर सीलंट भरून तो स्लीव्हला आणि पाइपला दोन्हीकडे चिकटेल असा सारखा करायचा. नेमकी जाडी आणि रॉकवूलची घनता त्या चाचणी झालेल्या रचनेच्या नकाशात दिलेली असते, ती अंदाजाने ठरवायची नसते. सीलंट वाळल्यावरही लवचीक राहतो, म्हणून पाइपची हालचाल थांबत नाही. प्लॅस्टिकच्या पाइपला मात्र कॉलर लागते. ही धातूची पट्टी असते, आत फुगणाऱ्या द्रव्याचा थर असतो. २०० अंशांच्या आसपास तो कितीतरी पटींनी फुगतो आणि मऊ झालेला पाइप चेपून भोक बंद करतो. आग ज्या बाजूने येईल त्या बाजूला कॉलर हवी, म्हणून स्लॅबला ती खालून लावतात आणि भिंतीला दोन्ही बाजूंनी. ती धातूच्या अँकरनेच पक्की करायची. प्लॅस्टिकचे प्लग आगीत वितळतात आणि कॉलर फुगण्याआधीच खाली पडते.

धुराकडे लक्ष जायला आणखी एक मोठी आग कारण झाली. २१ नोव्हेंबर १९८० रोजी लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग खालच्या मजल्यावर होती, पण मरण पावलेल्या ८५ जणांपैकी बहुतेक जण वरच्या मजल्यांवर धुराने गेले. लिफ्ट, जिने आणि इमारतीतले उभे शाफ्ट यांतून धूर वर चढला होता. भट्टीतली चाचणी थंड धुराबद्दल काही सांगत नाही. फुगणारे द्रव्य तापल्याशिवाय फुगत नाही, आणि आगीपासून दूरच्या मजल्यावर ते तापतच नाही. म्हणून पुढे यूएल १४७९ या मानकात हवेची गळती मोजणारे एल मानांकन आले.

भारतात फायरस्टॉपच्या चाचणीसाठी आयएस १२४५८ हे मानक १९८८ मध्ये आले. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत सेवांचे शाफ्ट आणि पाइपभोवतीची जागा यांसाठी १२० मिनिटांची अट आहे. पण ती अट भरावाच्या क्षमतेच्या भाषेत आहे. साइटवर त्याचा अर्थ ‘दोन तासांचा सीलंट आणा’ असा होतो. सीलंटच्या डब्याला स्वतःचे दोन तास नसतात. ते त्या पाइपाचे, त्या फटीचे आणि त्या जाडीचे असतात.

आपल्याकडच्या साइटवर अजूनही भोकाखाली गोणपाट किंवा थर्माकोल कोंबून वरून माल ओततात. माल सुकताना आकसतो आणि पाइपभोवती केसाएवढी गोल चीर पडते. खालून टॉर्च मारून वरून पाहिले तर प्रकाशाची कड दिसते. पाइप स्लीव्हच्या एका बाजूला टेकलेला असेल तर तिथे सीलंट शिरायला जागाच नसते, आणि अशी रचना चाचणीतल्या नमुन्याशी जुळत नाही. एसीच्या तांब्याच्या नळीवरचे काळे नायट्राइल इन्सुलेशन तसेच ठेवून सीलंट मारला तर आगीत इन्सुलेशन जळते आणि सीलंटच्या आत नवी फट तयार होते. त्याला फुगणारी पट्टीच गुंडाळावी लागते. सीपीव्हीसीच्या पाइपला त्याच्याशी जुळणारा सीलंट हवा, कारण काही सीलंटमधली द्रव्ये त्या पाइपला चिरा पाडतात.

आणि पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, फोम आजही सर्रास मारला जातो. हार्डवेअरच्या दुकानातला पिवळसर फोम म्हणजे ब्राऊन्स फेरीत पेटलेल्या कुळातलाच माल. गुलाबी रंगाचा ‘फायर रेटेड’ फोमही मिळतो, पण त्याची चाचणी बहुधा भिंत आणि चौकट यांसारख्या सरळ सांध्यांसाठी झालेली असते. पाइपसाठी तो वापरायचा असेल तर पुरवठादाराकडे पाइपसकट झालेल्या चाचणीचा अहवाल मागावा, आणि त्यातला पाइपचा प्रकार, व्यास आणि फटीची मापे आपल्या भोकाशी ताडून पाहावीत. अहवालात पाइपच नसेल तर तो फोम परत पाठवावा.

सगळे नीट झाले तरी इमारत ताब्यात दिल्यावर नवा भाडेकरू येतो, पँट्रीच्या ड्रेनसाठी शाफ्टच्या भिंतीत कोअर कटिंग होते आणि ते भोक फॉल्स सीलिंगच्या वर कुणाच्या नजरेस पडत नाही. म्हणून आता चांगल्या कामात प्रत्येक भोकाजवळ रचनेचा क्रमांक, तारीख आणि काम करणाऱ्याचे नाव असलेले लेबल लावतात, आणि बंद करण्याआधीचा रॉकवूलचा फोटो व नंतरचा सीलंटचा फोटो नोंदवहीत ठेवतात. लेबल नसलेले भोक म्हणजे नंतर पाडलेले भोक, असा अर्थ देखभाल करणाऱ्याला लगेच लावता येतो.