धुऱ्यापलीकडची विहीर

गेल्या उन्हाळ्यात वर्धा जिल्ह्यातल्या विहिरींची एक यादी माझ्याकडे आली. गाव, पाण्याची पातळी आणि मोबाइलवर घेतलेले अक्षांश-रेखांश, एवढंच तिच्यात होतं. प्रश्नही साधा होता: एखाद्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत आणखी कोणत्या विहिरी आहेत? हाताशी एक जुना लॅपटॉप होता. नकाशांसाठीचा खास डेटाबेस त्यावर बसवायची सोय नव्हती आणि मला हौसही नव्हती.

समजा, विहिरी ६,००० आहेत. प्रत्येकीचं प्रत्येकीशी अंतर मोजायचं म्हटलं, तर सुमारे १ कोटी ८० लाख जोड्या होतात. त्यातल्या बहुतेक एकमेकींपासून कोसभर लांब असतात, म्हणजे मोजणं वायाच. इथे जिओहॅश, म्हणजे अक्षांश-रेखांशांचा एक छोटा कोड बनवण्याची रीत, कामाला येतो. प्रोग्रॅमर गुस्ताव्हो निमेयर यांनी २००८ साली तो लोकांपुढे आणला.

त्याची रीत वावराच्या वाटणीसारखी आहे. पृथ्वीचा नकाशा मधोमध उभा कापायचा. आपली जागा पूर्वेच्या हिश्श्यात आली तर १ लिहायचा, पश्चिमेच्या हिश्श्यात आली तर ०. मग तोच हिस्सा आडवा कापायचा: उत्तरेला १, दक्षिणेला ०. पुन्हा उभा, पुन्हा आडवा. असे पाच आकडे झाले की त्यांच्या जागी एक चिन्ह ठेवायचं. ही चिन्हं एकूण ३२ आहेत: दहा अंक आणि a, i, l, o सोडून उरलेली इंग्रजी अक्षरं. कोड जितका लांब, तितका खाना लहान. सहा चिन्हांचा खाना वर्ध्याकडे सुमारे १,१४० मीटर रुंद आणि ६०० मीटर उंच भरतो.

ज्या विहिरींची पहिली सहा चिन्हं सारखी, त्या एकाच खान्यातल्या. म्हणजे कोडचा एक रकाना वाढवून यादी लावली, की शेजारणी आपोआप एकाखाली एक येतात. मीही तेवढंच केलं आणि खूश झालो.

पण सेवाग्राम आणि हिंगणघाट यांच्या मधल्या पट्ट्यात गोम निघाली. एका विहिरीला शेजारच नाही असं उत्तर आलं, आणि त्या भागातला माणूस म्हणाला, "अहो, धुऱ्यापलीकडेच तर दुसरी आहे." जागा थोडी बदलून तो घोळ दाखवतो. पहिली विहीर 20.700, 78.749 वर आणि दुसरी 20.700, 78.751 वर धरा. दोघींत जेमतेम २१० मीटर. त्यांचे कोड मात्र असे:

```
texvzb
tg8jb0
```

दुसऱ्याच चिन्हापासून फारकत! कारण ७८.७५ रेखांशावर वाटणीची एक फार जुनी, म्हणजे पाचवी उभी रेघ पडते, आणि ती नेमकी विदर्भाच्या पोटातून जाते. अकोला, अमरावती te मध्ये येतात, नागपूर आणि भंडारा tg मध्ये. रेघ जितकी आधीची, तितकी फारकत मोठी. अशा लहानमोठ्या रेघा सगळीकडे आहेत. ही फक्त ठसठशीत दिसते. थोडक्यात, सुरुवातीची चिन्हं जुळली तर जागा जवळ असतात, पण जुळली नाहीत म्हणून त्या लांब असतातच असं नाही.

उपाय असा, की आपल्या खान्याबरोबर भोवतालचे आठही खाने बघायचे. त्यांचे कोड काढायला अक्षरांशी खटपट करावी लागत नाही. एका खान्याएवढं सरकून नव्या जागेचा कोड काढला की झालं. खाली kod म्हणजे वरच्या रीतीने कोड काढणारं फंक्शन:

```python
DY, DX = 180/2**15, 360/2**15
khane = {kod(lat + i*DY, lon + j*DX, 6)
         for i in (-1, 0, 1) for j in (-1, 0, 1)}
```

या नऊ खान्यांतल्या विहिरी उचलायच्या आणि तेवढ्यांचंच खरं अंतर मोजायचं. हे मोजणं टाळता येत नाही, कारण नऊ खान्यांच्या कोपऱ्यातली विहीर दीड किलोमीटरवरही असू शकते. ९०० चौरस किलोमीटरच्या तालुक्यात ६,००० विहिरी साधारण सारख्या पसरल्या असतील, तर नऊ खान्यांत चाळीसेक येतात. एकूण मोजण्या अडीच लाखांच्या आसपास. माझ्या जुन्या लॅपटॉपला तेवढं सहज झेपतं.

मात्र ५०० मीटर चाललं ते खाना ६०० मीटर उंच आहे म्हणून. विहीर खान्याच्या अगदी वरच्या कडेला असली, तरी पलीकडचा पूर्ण खाना आपण बघतोच. उद्या कुणी १ किलोमीटरचा घेर मागितला, तर उत्तर-दक्षिणेकडच्या काही विहिरी गुपचूप सुटतील, कुठेही चूक झाल्याचा निरोप न येता. तेव्हा पाच चिन्हांवर यायचं. तिथे खाना साडेचार-पावणेपाच किलोमीटरचा होतो, आणि मोजण्याही वाढतात. उत्तर बरोबर आहे का हे पडताळायला मी ७८.७५ च्या रेघेजवळच्या पन्नास विहिरी घेतो, त्यांच्यातल्या सगळ्या जोड्या सरळ मोजतो आणि दोन्ही याद्या ताडून बघतो.

आणखी एक खूण हाताशी ठेवण्यासारखी आहे. विदर्भातल्या कुठल्याही विहिरीचा कोड t ने सुरू होतो. माझ्या यादीत काही कोड u ने सुरू होत होते. भरणाऱ्याने अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल केली होती, आणि वर्ध्याच्या त्या विहिरी नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर जाऊन बसल्या होत्या.