परिमाण एक, तीव्रता अनेक: भूकंपाचा आकडा वाचताना

'६.२ रिश्टर स्केल तीव्रतेचा भूकंप' हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलंय की त्यात काही चुकतंय असं वाटतच नाही. पण या पाच शब्दांत दोन निरनिराळ्या मोजमापांची गाठ मारलेली आहे. ६.२ हा आकडा तीव्रतेचा नाही. तो मॅग्निट्यूडचा आहे. मॅग्निट्यूडला मराठीत कुणी महत्ता म्हणतं, कुणी परिमाण. मी इथे परिमाण म्हणतो. तीव्रता, म्हणजे इंटेन्सिटी, ही वेगळी गोष्ट. तिची पट्टी वेगळी, ती मोजणारे वेगळे आणि तिचं उत्तर गावागणिक वेगळं.

फरक एका वाक्यात सांगायचा तर परिमाण हे भूकंपाचं असतं आणि तीव्रता ही जागेची असते. जमिनीखाली खडक किती लांबीरुंदीवर फाटला आणि किती सरकला, यावरून परिमाण ठरतं. ते एका भूकंपाला एकच. तुम्ही उभे आहात तिथली जमीन किती हादरली आणि त्या हादऱ्याने काय काय झालं, ही तीव्रता. म्हणून 'परिमाण किती?' हा प्रश्न पूर्ण आहे, पण 'तीव्रता किती?' असं विचारलं की लगेच 'कुठली?' असं विचारावं लागतं.

हे नीट कळायला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. कारण तिथे एकाच शहराने सहा महिन्यांच्या आत दोन भूकंप सोसले, आणि आकड्याने मोठा असलेला भूकंप शहरासाठी लहान ठरला.

पहिला ४ सप्टेंबर २०१० चा, पहाटे ४ वाजून ३५ मिनिटांनी. परिमाण ७.१. केंद्र शहरापासून सुमारे ४० किलोमीटर पश्चिमेला, डारफील्ड गावाजवळ. शेतांमधून जवळजवळ ३० किलोमीटर लांबीची भेग उमटली. रस्ते आणि कुंपणं काही ठिकाणी ५ मीटरपर्यंत बाजूला सरकली. शहरात जुन्या विटांच्या इमारतींचे धुराडे आणि दर्शनी भिंती कोसळल्या, नुकसान पुष्कळ झालं, पण इमारतींखाली कुणी दगावलं नाही.

दुसरा २२ फेब्रुवारी २०११ चा, दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी. परिमाण ६.२ च्या आसपास. यात १८५ माणसं गेली. त्यातली ११५ एकाच सहा मजली इमारतीत होती.

आता परिमाणाच्या पट्टीवर हे दोन शेजारी ठेवून पाहू. ही पट्टी लॉगॅरिदमची आहे. परिमाण एकाने वाढलं की यंत्रावर उमटणारी लाट दहापट उंच होते आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ७.१ आणि ६.२ यांत ०.९ चा फरक आहे, म्हणजे ऊर्जेत साधारण २२ पट. सप्टेंबरच्या भूकंपाने फेब्रुवारीच्या बावीसपट ऊर्जा सोडली होती.

ही पट्टी मुळात चार्ल्स रिश्टरने १९३५ मध्ये कॅलिफोर्नियासाठी बनवली. त्याची व्याख्या अगदी हाताला लागेल अशी होती: एका ठरावीक प्रकारच्या भूकंपलेखकावर, भूकंपापासून १०० किलोमीटर अंतरावर, रेघ १ मिलिमीटर हलली तर परिमाण ३. रेघ १० मिलिमीटर हलली तर ४, १०० मिलिमीटर हलली तर ५. यंत्र जवळ किंवा लांब असेल तर अंतराची दुरुस्ती करायची. ही दुरुस्तीच यातली खरी कल्पकता आहे. अंतराचा परिणाम वजा केल्यामुळेच परिमाण जागेपासून सुटं होतं आणि भूकंपाचं स्वतःचं होतं. दहा ठिकाणच्या यंत्रांवर दहा वेगळ्या उंचीच्या लाटा आल्या, तरी हिशोबाअंती आकडा जवळपास एकच यायला हवा.

पण मोठ्या भूकंपांत ही पद्धत थकते. खडक शेकडो किलोमीटर फाटतो तेव्हा जादा ऊर्जा फार संथ लाटांतून जाते आणि रिश्टरने वापरलेलं यंत्र त्या पकडत नाही. त्यामुळे भूकंप मोठा होत गेला तरी आकडा पुढे सरकत नाही. म्हणून १९७९ मध्ये टॉम हँक्स आणि हिरू कानामोरी यांनी मोमेंट मॅग्निट्यूड मांडलं. आज मोठ्या भूकंपांसाठी तेच वापरतात. त्यामुळे बातमीतलं 'रिश्टर स्केल' बहुतेक वेळा केवळ सवयीने लिहिलेलं असतं. या नव्या मापाचा हिशोब मला फार आवडतो, कारण त्यात जमिनीखाली काय घडलं ते सरळ दिसतं. फाटलेल्या पृष्ठाचं क्षेत्रफळ, सरकण्याचं अंतर आणि खडकाचा ताठपणा यांचा गुणाकार करायचा. तो झाला मोमेंट, M0. मग:

```
Mw = (log10(M0) - 9.1) / 1.5
```

समजा १० किलोमीटर लांब आणि १० किलोमीटर खोल पट्टा सरासरी १ मीटर सरकला. क्षेत्रफळ १० कोटी चौरस मीटर, खडकाचा ताठपणा साधारण 3 × 10^10 पास्कल. गुणाकार 3 × 10^18, त्याचा लॉगॅरिदम १८.४८, त्यातून ९.१ वजा, भागिले १.५: उत्तर ६.२५. फेब्रुवारीचा भूकंप जवळपास एवढाच होता. आता पट्टा ४० बाय १५ किलोमीटरचा आणि सरकणं २ मीटर घेतलं तर उत्तर येतं ७.० च्या आसपास. या सूत्रात शहराला, घराला किंवा माणसाला कुठेच जागा नाही. भूकंप निर्जन समुद्राखाली झाला असता तरी उत्तर हेच आलं असतं.

मग ज्या भूकंपाने बावीसपट कमी ऊर्जा सोडली, त्याने शहर का पाडलं?

पहिलं कारण अंतर. फेब्रुवारीचा भूकंप शहराच्या मध्यापासून जेमतेम १० किलोमीटरवर, जमिनीखाली सुमारे ५ किलोमीटरच्या उथळ खोलीवर झाला. लाटा जसजशा दूर जातात तसतशा पसरून पातळ होतात. वाटेतला खडक त्यांतला भरभर थरथरणारा भाग आधी गिळतो, आणि बुटक्या, ताठ इमारतींना तोच भाग जास्त झोडपतो. सप्टेंबरच्या लाटांना ती गाळणी लागली, फेब्रुवारीच्या लाटांना लागायला वाटच उरली नाही. शहराच्या मध्यभागी जमिनीला बसलेला झटका, ज्याला यंत्राच्या भाषेत त्वरण म्हणतात, फेब्रुवारीत सप्टेंबरच्या साधारण दुप्पट होता. केंद्राजवळच्या हीथकोट दरीत तर उभ्या दिशेचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीहून जास्त नोंदलं गेलं. दुसरं कारण जमीन. शहराचा बराच भाग नदीच्या गाळावर आणि वाळूवर वसलेला आहे. पाण्याने भिजलेली वाळू जोरात हलली की कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो आणि जमीन घट्ट राहत नाही, चिखलासारखी वाहू लागते. रस्त्यांवर करडा गाळ उसळून आला, घरं एका बाजूला कलली. काही किलोमीटरवरच्या टेकड्यांवर गाळ नव्हता, तिथे त्रास कडे कोसळण्याचा होता. परिमाण तेच ६.२, पण तीव्रता मोहल्ल्यागणिक बदलली.

ती तीव्रता मोजायची पट्टी लाटांच्या उंचीवर उभी नाही. इटलीच्या जुझेप्पे मर्केलीने १९०२ मध्ये मांडलेली आणि पुढे १९३१ मध्ये सुधारलेली ही पट्टी एक ते बारा अशा पायऱ्यांची आहे. पायऱ्या रोमन अंकांत लिहितात आणि त्यांत दशांश नसतात. तिसऱ्या पायरीला घरात बसलेल्यांना जवळून जड गाडी गेल्यासारखं वाटतं. सहावीला सगळ्यांना जाणवतं, जड फर्निचर हलतं, कुठेकुठे गिलावा पडतो. आठवीला साध्या बांधणीच्या इमारती अंशतः कोसळतात, धुराडी पडतात. म्हणजे इथे मोजायचं साधन म्हणजे माणसं आणि घरं. लोकांना विचारलं जातं: उभं राहणं कठीण गेलं का, मांडणीवरच्या वस्तू पडल्या का, भिंतीला कशा भेगा गेल्या? एका भागातली बरीच उत्तरं एकत्र करून त्या भागाला एक पायरी दिली जाते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा असा ऑनलाइन प्रश्नसंच १९९९ पासून चालू आहे.

या साधनात चुकीला वाव आहे, आणि तो माहीत असायला हवा. दहाव्या मजल्यावरचा माणूस तळमजल्यावरच्यापेक्षा जास्त हलणं सांगतो. झोपलेला काहीच सांगत नाही. सर्वात फसवी अडचण क्राइस्टचर्चमध्येच दिसते: फेब्रुवारीत पडलेल्या काही भिंती सप्टेंबरपासूनच खिळखिळ्या होत्या. पडलेली भिंत पाहून वरची पायरी दिली, तर आधीच्या भूकंपाचं पाप नंतरच्याच्या माथी जातं. म्हणून युरोपात १९९८ पासून वापरात असलेली पट्टी आधी इमारत किती पक्की होती ते विचारते आणि मगच नुकसानीवरून पायरी ठरवते.

आणखी एक गल्लत टाळायला हवी. मृतांचा आकडा म्हणजे तीव्रता नव्हे. सप्टेंबरचा भूकंप पहाटेचा होता. विटांच्या भिंती रिकाम्या फुटपाथवर पडल्या. त्याच भिंती भर दुपारी पडल्या असत्या तर माणसं मेली असती आणि तीव्रतेची पायरी मात्र तीच राहिली असती. जीवितहानी वेळेवर, गर्दीवर आणि बांधकामावर अवलंबून असते. तो तिसराच हिशोब आहे.

परिमाण अचूक आणि तीव्रता ऐकीव, असं यावरून वाटू शकतं. पण यंत्रं येण्याआधीच्या भूकंपांसाठी आपल्याकडे तीव्रतेशिवाय फारसं काही नाही. १७५५ मध्ये लिस्बन उद्ध्वस्त झालं, त्यानंतर पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने देशभरातल्या पाद्र्यांना प्रश्न पाठवले: धक्का किती वेळ टिकला, किती घरं पडली, समुद्राने काय केलं, जमिनीला भेगा पडल्या का? आलेली उत्तरं लिस्बनच्या अभिलेखागारात आजही आहेत. त्यांच्यासारख्या नोंदींवरून गावोगावची तीव्रता नकाशावर मांडली जाते. जोराचं हलणं किती दूरवर पोचलं ते मोजलं जातं, आणि त्यावरून मागे चालत त्या भूकंपाचं परिमाण ८.५ ते ९ च्या दरम्यान असावं असा अंदाज केला जातो.